‘अगो’ आला की ‘हॅव’ का जातो?

इंग्रजीतला ‘अगो’ मुळात क्रियापदाचं रूप आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ते ‘अगॉन’ असं होतं, म्हणजे ‘निघून गेलेलं’. ‘टू इयर्स अगो’ म्हणजे शब्दशः ‘दोन वर्षं निघून गेली’. वेळ सरली, दार बंद झालं. म्हणून त्याच्यासोबत साधा भूतकाळच येतो.

‘हॅव’ची गोष्ट उलटी. जुन्या इंग्रजीत ते खरोखर ‘जवळ असणं’ होतं. ‘आय हॅव द लेटर रिटन’ या धर्तीच्या वाक्याचा अर्थ ‘माझ्याकडे पत्र लिहिलेलं आहे’ असा होई, आणि ‘लिहिलेलं’ हा शब्द आपल्या ‘लिहिलेलं-लिहिलेली’सारखाच कर्माप्रमाणे बदलतही असे. पुढे शब्दांचा क्रम बदलला, ‘आय हॅव रिटन द लेटर’ झालं. पण काम झालं आणि त्याचं फळ आत्ता हाताशी आहे, हा अर्थ टिकला. येण्याजाण्याच्या क्रियापदांना तर बराच काळ ‘हॅव’ऐवजी ‘इज’ लागे. ‘ही इज कम’ म्हणजे थेट आपलं ‘तो आला आहे’.

‘यट’ म्हणजे ‘आत्तापर्यंत’, आणि ‘ऑलरेडी’ हे ‘ऑल’ आणि ‘रेडी’ मिळून झालेलं, म्हणजे ‘पुरतं तयार’. दोघांची नजर आत्तावर, म्हणून ब्रिटिश इंग्रजीत त्यांना ‘हॅव’चा पूर्ण वर्तमानकाळ रुचतो. ‘जस्ट’चंही तसंच. अमेरिकेत मात्र ‘आय ऑलरेडी एट’, ‘डिड यू ईट यट?’ सर्रास बोलतात. ती चूक नव्हे. ‘अगो’ला मात्र प्रमाण इंग्रजीत अशी सवलत दोन्हीकडे नाही.

शेक्सपिअरच्या काळात ‘काल’सारख्या शब्दासोबतही ‘हॅव’ चालून जाई, नियम नंतर घट्ट झाला. मराठीत तो कधीच घट्ट झाला नाही, आणि आपली चूक नेमकी इथूनच येते. ‘फी परवाच भरली आहे’ हे निर्दोष मराठी. तेच मनात ठेवून ‘आय हॅव पेड द फी टू डेज अगो’ लिहिलं जातं. इथे आधी ठरवावं, कळवायचं काय आहे? वेळ सांगायची तर ‘आय पेड द फी टू डेज अगो’. फी भरून झाली एवढंच सांगायचं तर ‘अगो’ काढून ‘आय हॅव ऑलरेडी पेड द फी’. दोन्ही हवं असेल तर वाक्यंही दोन: ‘आय हॅव ऑलरेडी पेड द फी. आय पेड इट टू डेज अगो.’

एका जागी चांगले विद्यार्थीही फसतात. ‘ही लेफ्ट जस्ट अ मिनिट अगो’ यात ‘जस्ट’ दिसला की हात ‘हॅज लेफ्ट’कडे वळतो. पण हा ‘जस्ट’ क्रियापदाचा नाही, ‘अ मिनिट’चा आहे: ‘जेमतेम एक मिनिट’. मिनिट संपलेलं, तेव्हा काळ ‘अगो’च ठरवतो.