दाढ काढल्यानंतरची दुखण्याची गोळी: पॅरासिटामॉल की आयबुप्रोफेन

दाढ काढली, अक्कलदाढेचं ऑपरेशन झालं किंवा रूट कॅनल झालं की भूल उतरल्यावर जे ठणकतं त्यासाठी मुख्यतः दोन प्रकारच्या गोळ्या वापरतात. एक साधी पॅरासिटामॉल, आणि दुसरी आयबुप्रोफेनच्या घराण्यातली, म्हणजे डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक वगैरे. खान्देशात मेडिकलवाल्याकडे नुसतं ‘दाढदुखीची गोळी द्या’ म्हटलं की बऱ्याचदा दुसऱ्या घराण्यातलीच हातात पडते, आणि खरं सांगायचं तर दाताच्या दुखण्यावर ती जास्त चालतेही, कारण हे दुखणं सुजेचं असतं आणि आयबुप्रोफेन सूज कमी करतं, पॅरासिटामॉल मात्र सुजेवर फारसं काही करत नाही. दोन्हींचं काम वेगळ्या वाटेने चालतं, म्हणून एकत्र घेतल्या तर आणखी चांगला आराम पडतो.

धडधाकट मोठ्या माणसाचा डोस असा: आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, दर 6 ते 8 तासांनी, जेवणानंतर, आणि डॉक्टरला न विचारता दिवसात 1200 च्या वर नाही. पॅरासिटामॉल 500 ते 1000 दर 6 तासांनी, दिवसाला जास्तीत जास्त 4000, पण वजन 50 किलोच्या आत असेल किंवा रोज दारू असेल तर बरंच कमी, कारण जास्त झालं की ते लिव्हर खातं. पहिली गोळी भूल पूर्ण उतरायच्या आधीच घ्यावी, ठणका एकदा चढला की मग आवरायला जड जातं.

आता खरी अडचण कुठे येते ते बघू. समजा रावेरकडचे 62 वर्षांचे केळीवाले शेतकरी आहेत, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, मे महिन्यात दाढ काढून आले. तोंड सुजलेलं, म्हणून दोन दिवस धड जेवण नाही, पाणीही घोट घोट, आणि बाहेर ऊन 44-45 डिग्री. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाने किडनीत रक्त आणणाऱ्या नळ्या उघड्या ठेवतं, आयबुप्रोफेन नेमकं तेच रसायन बंद करतं. टेल्मिसार्टनमुळे किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी आधीच सैल पडलेली, लघवीच्या गोळीने पाणी आणखी घटवलेलं, म्हणजे तीन बाजूंनी किडनीतला दाब पडतो आणि दोन-तीन दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावल्याची खूण, चढू शकतं. लघवी कमी होणं, पायावर सूज, मळमळ ही लक्षणं, पण सुरुवातीला काहीच जाणवत नाही हीच गोची. अशा माणसाला पॅरासिटामॉलच बरी, 650 ची एक गोळी दर 6 तासांनी, म्हणजे दिवसाला 2600, आणि सोबत बाहेरून गालावर पहिल्या दिवशी बर्फ. बीपीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, ते त्यांच्या डॉक्टरलाच विचारायचं.

पोटाचं गणितही त्याच रसायनाशी जोडलेलं आहे. जठराच्या आतल्या अस्तराला तेच सांभाळतं, म्हणून जेवणानंतर घेतली तरी धोका पूर्ण जात नाही, कारण गोळी रक्तातूनही ते रसायन बंद करते. आधी अल्सर झालेला, वय साठीच्या वर, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू, यापैकी काही असेल तर आयबुप्रोफेन टाळलेलंच बरं, आणि अगदीच लागलं तर डॉक्टर सोबत पँटोप्राझोलसारखी गोळी देतात. संडास डांबरासारखी काळी झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. त्या दिवसांत शेवभाजीचा तिखट रस्सा नको, कोमट कढी-खिचडी खाऊन मग गोळी.

अजून एक घोळ फार होतो. चिठ्ठीवर अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी असते, घरी आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची पट्टी पडलेली असते, आणि ताप आल्यासारखं वाटलं म्हणून वरून साधी 650. झालं, एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या आणि पॅरासिटामॉल तीन ठिकाणाहून. पट्टीच्या मागे घटक लिहिलेले असतात, तेवढं वाचून घ्या, नावं वेगळी म्हणजे औषध वेगळं असं नसतं. गोळी चेपून दाढेच्या जागी ठेवायची सवयही सोडा, अ‍ॅस्पिरिन ठेवली तर हिरडी पांढरी पडून भाजते, आणि मशेरी तर त्या खड्ड्यात अजिबात नको.

सूज साधारण 2-3 दिवसांत सगळ्यात जास्त असते आणि मग दुखणं हळूहळू उतरतं. याउलट तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका वाढला, तोंडाला घाण वास आला, खड्डा रिकामा दिसला, तर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेलेली असते, याला ड्राय सॉकेट म्हणतात. तिथे गोळ्यांचा डोस वाढवून उपयोग नाही, दातांचे डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरतात.