शेजारच्या भिंतीला लागून खोदाई: मेथड स्टेटमेंटमध्ये काय वाचाल

तुम्हाला तळघर बांधायचे आहे आणि शेजारची इमारत हद्दीला चिकटून उभी आहे. अशा कामात मशीन लावण्याआधी आम्ही तुमच्या हातात मेथड स्टेटमेंट देतो. काम कोणत्या क्रमाने होणार, कुठे काय बिघडू शकते आणि ते कसे रोखणार, हे त्यात लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी ते नीट वाचा आणि मनात येईल ते विचारा.

सुरुवात शेजारच्या पायापासून

जुन्या नकाशात पाया जेवढा दाखवला आहे तेवढाच तो जमिनीत असेल, असे आम्ही धरून चालत नाही. भिंतीलगत हाताने दोन-तीन चाचणी खड्डे घेतो, फुटिंगचा, म्हणजे पायाच्या सगळ्यात खालच्या रुंद भागाचा, तळ उघडा करून मोजतो आणि खड्डे त्याच दिवशी दाबून भरतो. गळके ड्रेनेज किंवा पाण्याची लाइन असेल तर तीही इथेच सापडते. भिंतीलगतची माती आधीच भिजलेली असेल, तर आधी गळती बंद करायची आणि मगच पुढचे ठरवायचे.

एक उदाहरण घेऊ. शेजारची विटांची भिंत 10 मीटर लांब आहे, तिच्या फुटिंगचा तळ 1.2 मीटरवर आहे आणि आपल्याला 2.7 मीटर खोल जायचे आहे. म्हणजे त्या भिंतीचा भार पेलणारी 1.5 मीटर माती आपल्या बाजूने उघडी पडणार. सलग खोदले तर ती माती आपल्या खड्ड्याकडे सरकते आणि तिच्यामागोमाग भिंत खचते. म्हणून आधी भिंतीखालचा पाया खोल न्यावा लागतो. त्याचे डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरचे हवे आणि शेजाऱ्यांची लेखी संमतीही हवी, कारण काम त्यांच्या पायाखाली होणार असते.

क्रम: एक सोडून एक

भिंतीचे एकेक मीटरचे 10 गाळे पाडून त्यांना ओळीने नंबर देतो. पहिल्या टप्प्यात फक्त गाळा 1 आणि 6 खोदायचा, नंतर 3 आणि 8, मग 5 आणि 10, त्यानंतर 2 आणि 7, शेवटी 4 आणि 9. एका वेळी भिंतीचा पाचवाच हिस्सा आधाराविना राहतो, बाकीची भिंत शेजारच्या मातीवर किंवा तयार झालेल्या काँक्रीटवर टेकलेली असते. काम लवकर उरकावे म्हणून दोनाऐवजी चार गाळे एकदम उघडण्याची गळ कधीकधी घातली जाते. ती मान्य करू नका.

प्रत्येक गाळ्यात नव्या काँक्रीटचा माथा आणि जुन्या फुटिंगचा तळ यांच्यात साधारण 75 मिलिमीटर फट ठेवतो. काँक्रीट वाळताना थोडे आकसते, त्यामुळे ते थेट टेकवून ओतले तर वर पोकळी राहते. निदान एक दिवस गेल्यावर त्या फटीत वाळू-सिमेंटचा कोरडसर मसाला ठासून भरतो. भिंतीचा भार खऱ्या अर्थाने उतरतो तो या मसाल्यावर, म्हणून ठासणीच्या वेळी आमचा सुपरवायझर तिथे हजर असलाच पाहिजे. ठासणी झाल्यावर इंजिनिअरने सांगितलेली मुदत सरल्याखेरीज लगतचा गाळा उघडायचा नाही. सगळे गाळे पूर्ण होईपर्यंत मधली खोदाई थांबवून भिंतीपुढे मातीचा उतार तसाच ठेवतो. नंतरही आडवे टेकू लावत, थरथराने खाली जातो, कारण नव्या पायामागची माती त्याला आपल्याकडे ढकलत असते.

माणूस आणि पाणी

एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. अरुंद गाळ्यात ती कोसळली तर आतल्या माणसाला वेळच मिळत नाही. म्हणून फळ्या आणि टेकू बसल्याशिवाय कोणीही आत उतरणार नाही, शिडी आतच राहील आणि काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाकली जाईल. भिंतीलगत ब्रेकर चालणार नाही.

पाण्याची खूण तुम्हालाही ओळखता येते. खड्ड्यातून पंपाने उपसलेले पाणी काचेच्या बाटलीत भरून थोडा वेळ ठेवा. सुरुवातीचे गढूळपण गेल्यावरही तळाशी रोज वाळू साचत असेल, तर पंप शेजारच्या पायाखालची मातीच ओढून आणतो आहे. अशा वेळी पंपाच्या खड्ड्याला फिल्टर बसवेपर्यंत खोदाई बंद राहते, आणि इंजिनिअरने पाहिल्यावरच पुन्हा सुरू होते.

मोजणी आणि थांबण्याचा अधिकार

काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांबरोबर त्यांच्या प्रत्येक खोलीतल्या भेगांचे फोटो काढतो आणि भिंतीवर लेव्हलच्या खुणा करतो. खोदाई चालू असताना रोज सकाळी रीडिंग घेतो. भिंत किती मिलिमीटर खचली की इंजिनिअरला कळवायचे आणि कितीला काम बंद करायचे, हे दोन आकडे इंजिनिअर भिंतीची अवस्था पाहून ठरवतो. ते तुमच्या प्रतीत लिहिलेले नसतील तर प्रत आम्हाला परत करा. दुसरा आकडा गाठला, की उघडे गाळे मातीने किंवा काँक्रीटने लगेच भरून घ्यायचे आणि शेजाऱ्यांना त्याच तासाला सांगायचे. हे करायला सुपरवायझरला आमच्या किंवा तुमच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, आणि तसे त्याच्या नावासह मेथड स्टेटमेंटमध्ये लिहिलेले असते.