सात पी : सेवा विपणनातील विस्तारित मिश्रण आणि खासगी रुग्णालय

सेवा विकणाऱ्या व्यवसायाला कोणकोणत्या बाबतींत निर्णय घ्यावे लागतात, त्यांची सात नावांची यादी म्हणजे 'सात पी'. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन हे मूळचे चार. पीपल, प्रोसेस आणि फिजिकल एव्हिडन्स हे नंतर जोडलेले तीन. मराठीत त्यांना सेवा, किंमत, स्थान, प्रसिद्धी, माणसे, कार्यपद्धती आणि दृश्य पुरावे म्हणता येईल. सातवे नाव मराठी कानाला 'फ'चे वाटते. इंग्रजी स्पेलिंगच्या आधारावर ते या पंगतीत बसले आहे.

'मार्केटिंग मिक्स' हा शब्दप्रयोग नील बोर्डन यांनी रूढ केला आणि ई. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये त्याची चार पींत मांडणी केली. ती मांडणी कारखान्यात तयार होऊन दुकानात जाणाऱ्या मालासाठी होती. सेवा मात्र ग्राहकाच्या समोर, बऱ्याचदा त्याच्याच अंगावर घडते. म्हणून १९८१ मध्ये बर्नार्ड बूम्स आणि मेरी जो बिटनर यांनी आणखी तीन पी जोडले. त्यांनी 'पीपल'च्या जागी 'पार्टिसिपंट्स', म्हणजे सहभागी माणसे, असा शब्द वापरला होता. त्यात सेवा देणारे येतात तसे घेणारेही येतात. रुग्णालयाला हा जुना शब्द अधिक चपखल बसतो, कारण उपाशी पोटी यायला सांगितलेला रुग्ण नाश्ता करून आला तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.

रुग्णालयात नंतरचे तीन पी का वजनदार ठरतात

काही वस्तूंची पारख विकत घेण्याआधी होते, काहींची वापरल्यावर. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये तिसरा प्रकार दाखवला : वापरून झाल्यावरही ज्यांचा दर्जा ग्राहकाला ठरवता येत नाही, अशा सेवा. शस्त्रक्रिया या प्रकारात मोडते. टाके आतून कसे घातले हे रुग्णाला कधीच कळत नाही. शस्त्रक्रिया खरोखर गरजेची होती का, हेही बहुधा नाही. मग तो जे कळते त्यावरून पारख करतो : परिचारिका बोलली कशी, किती वेळ ताटकळावे लागले, चादर स्वच्छ होती का, बिल समजले का. पहिल्या चार पींबद्दल रुग्णाचे जे मत होते, ते बरेचसे या शेवटच्या तिनांच्या खिडकीतून बनलेले असते.

पहिल्या चारांपैकी स्थान आणि प्रसिद्धी यांवर रुग्णालयाचा ताबा मर्यादित असतो. इमारत हलवता येत नाही आणि वैद्यकीय जाहिरातींवर अनेक देशांत निर्बंध आहेत. किमतीचा प्रश्न वेगळा आहे, कारण ती आधी पूर्णपणे माहीत नसते. दाखल होताना मिळतो तो अंदाज. खरी रक्कम शेवटी कळते. 'पॅकेज' दर ठरवला की ही अनिश्चितता रुग्णाच्या खांद्यावरून रुग्णालयाच्या खांद्यावर जाते. मात्र पॅकेजमध्ये काय धरलेले नाही याची यादी लांबत गेली, की ती परत रुग्णाकडेच येते.

एका डिस्चार्जचा हिशेब

सातही पी एकमेकांत कसे अडकलेले असतात हे पाहायला घरी जाण्याचा दिवस उत्तम. नमुन्यादाखल एक रुग्ण घेऊ. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुरळीत झाली आहे आणि बिल विमा कंपनी थेट भरणार आहे. सकाळी ९ वाजता डॉक्टर राउंडला येतात आणि म्हणतात, "आज घरी जायला हरकत नाही." नातेवाईक पिशव्या भरतात, गाडी बोलावतात. रुग्ण प्रत्यक्षात निघतो सव्वाचार वाजता.

मधल्या सव्वासात तासांत पडद्याआड हे घडते. निवासी डॉक्टर राउंड संपवून, एक शस्त्रक्रिया आटोपून साडेअकराला डिस्चार्ज समरी लिहितो. परिचारिका न वापरलेली औषधे फार्मसीत परत पाठवते आणि फार्मसी त्यांची रक्कम वजा करते. प्रयोगशाळेची राहिलेली नोंद चढते, बिल तयार होते, कागद विमा कंपनीकडे जातात, तिकडून मंजुरी येते, उरलेले पैसे भरले जातात आणि गेटपास मिळतो. प्रत्येक पायरीला प्रत्यक्ष लागणारा वेळ मोजला तर समरीला वीस मिनिटे, औषधांच्या दोन पायऱ्यांना पंचवीस, बिलाला वीस आणि बाकी सगळ्याला मिळून तीस : एकूण ९५ मिनिटे. उरलेले पाच तास चाळीस मिनिटे फाइल कुठल्या तरी टेबलावर पडून असते.

लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये सेवेचा आराखडा कागदावर काढण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात ग्राहकाला दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या कामांमध्ये एक रेघ असते. डिस्चार्जचा आराखडा काढला की जवळजवळ सगळी कामे त्या रेघेच्या खाली जातात. वर उरतात फक्त दोन गोष्टी : खाटेवर कपडे बदलून बसलेला रुग्ण आणि बिलिंगच्या खिडकीतला कारकून. उशीर समरीमुळे झालेला असो की विमा कंपनीमुळे, ओरडा त्या कारकुनालाच खावा लागतो. मग 'पीपल'च्या नावाखाली त्याला हसतमुख राहण्याचे प्रशिक्षण दिले जाते. हा पैसा बहुधा वाया जातो, कारण दुखणे कार्यपद्धतीचे असते.

उपाय आदल्या संध्याकाळपासून सुरू होतो. उद्या कोण घरी जाण्याची शक्यता आहे याची यादी करायची, समरीचा मसुदा रात्रीच लिहायचा, जास्तीची औषधे रात्रीच परत करायची आणि तोवरचे बिल विमा कंपनीला पाठवून ठेवायचे, म्हणजे सकाळी फक्त फरक कळवायचा राहतो. असे केल्याने वरचा रुग्ण साडेअकराला निघाला, तर पावणेपाच तास वाचले. रुग्णालयातून रोज २० जण घरी जात असतील तर ही बचत रोज ९५ खाट-तासांची, म्हणजे दिवसभराच्या जवळजवळ चार खाटांची होते. रांगेतील सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ, हा जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियमही हाच आकडा देतो. एकही भिंत न बांधता चार खाटा वाढतात, आणि खाली दाखल होण्यासाठी खोळंबलेल्या माणसाला त्या दुपारऐवजी सकाळी मिळतात.

मोजमाप मात्र जपून करावे लागते. प्रत्येक विभाग फाइल आपल्याकडे आल्यापासूनचा वेळ मोजत असेल तर सगळ्यांचे आकडे चांगले दिसतात आणि रुग्ण तरीही चारला निघतो. घड्याळ डॉक्टरांच्या त्या एका वाक्यापासूनच सुरू व्हायला हवे. दुसरी पळवाट अधिक बेमालूम आहे. 'सांगितल्यापासून तीन तासांत डिस्चार्ज' असे उद्दिष्ट लावले की काही डॉक्टर ते वाक्यच एक वाजता उच्चारू लागतात. सरासरी सुधारते, खाट पूर्वीइतक्याच उशिरा रिकामी होते. म्हणून लागलेल्या वेळाबरोबर खाट किती वाजता रिकामी झाली हेही पाहावे लागते. दोन आकडे एकाच दिशेने हलले नाहीत तर कुठे तरी पाणी मुरते आहे असे समजावे.

या दिवसाचा शेवटचा दृश्य पुरावा म्हणजे बिल. स्वागतकक्षातली फरशी रुग्ण विसरतो; बिल घरी नेऊन पुन्हा वाचतो. 'इतर साहित्य' अशा एका ओळीखाली मोठी रक्कम असेल, तर बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. अंदाज आणि अंतिम रक्कम शेजारी शेजारी छापून फरकाचे कारण लिहिले, तर तेच आकडे कमी बोचतात.

सातही पी एकाच दिशेने : शोल्डाइस

कॅनडातील टोरंटोजवळचे शोल्डाइस रुग्णालय हे सेवा व्यवस्थापनाच्या वर्गांत नेहमी शिकवले जाणारे उदाहरण. १९४५ मध्ये एडवर्ड अर्ल शोल्डाइस यांनी सुरू केलेल्या या रुग्णालयात पोटाच्या भिंतीचा हर्निया, एवढीच शस्त्रक्रिया होते. जास्त वजनाच्या रुग्णाला आधी वजन उतरवायला सांगतात. शस्त्रक्रिया बहुधा फक्त तो भाग बधिर करून होते आणि रुग्ण टेबलावरून उठून चालत बाहेर येतो.

खोल्यांत दूरदर्शन संच ठेवलेले नाहीत. एरवी हा सोयीतला काटकसरीपणा ठरला असता. इथे मात्र त्यामुळे रुग्ण उठून बैठकीच्या खोलीत जातो, आणि चालणे हाच उपचाराचा भाग आहे. जेवणही एकत्र, जेवणघरात. आदल्या दिवशी आलेल्या धास्तावलेल्या माणसाला नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस टेबलापाशी भेटतो. सहभागी रुग्णच तिथे धीर देणारे कर्मचारी आणि प्रसिद्धी करणारे प्रतिनिधी होतात. इमारत, पद्धत आणि माणसे तिघे एकच गोष्ट सांगतात.

हे जमते ते निवडीमुळे. सर्वसाधारण रुग्णालयाला अपघात, प्रसूती, मेंदूतला रक्तस्राव, सगळेच घ्यावे लागते; तिथे रुग्णाला चालायला लावणारी रचना अंगलट येईल. शोल्डाइसची नक्कल म्हणून खोलीतला दूरदर्शन संच काढून टाकणे हा निव्वळ खर्चाला कात्री लावण्याचा प्रकार होईल.

यादीत न बसणारे

सात पींवरचा मुख्य आक्षेप असा की ही यादी विक्रेत्याच्या खुर्चीतून लिहिली आहे. रुग्णालयात आणखी एक अडचण आहे. सेवा घेतो रुग्ण, रुग्णालय सुचवतो बहुधा त्याचा नेहमीचा डॉक्टर आणि पैसे भरते विमा कंपनी. 'ग्राहक' नेमका कोण, याचे उत्तर सातांपैकी एकाही नावात नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर. एव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय दर्जा तपासण्यासाठी रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी त्रयी मांडली. सात पींत पहिल्या दोघांना जागा सापडते. परिणामाला, म्हणजे रुग्ण बरा झाला का, जखमेत संसर्ग झाला का, महिन्याभरात पुन्हा दाखल व्हावे लागले का याला, स्वतंत्र घर नाही. तो प्रॉडक्टमध्ये गृहीत धरला जातो आणि तिथेच विसरला जातो. त्यामुळे सातही रकाने उत्तम भरलेल्या रुग्णालयात संसर्गाचे प्रमाण वाईट असू शकते, आणि चकाकणाऱ्या स्वागतकक्षात बसलेल्या रुग्णाला त्याची चाहूल लागत नाही. काही व्यवस्थापने म्हणूनच संसर्ग आणि पुनर्दाखल्याचे आकडे प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावतात. परिणाम असा दृश्य पुराव्यांत आणून बसवला की यादी न वाढवताही ही फट थोडी बुजते, अर्थात फलकावर वाईट महिनाही लागत असेल तर.