आजीची भाषा तमिळच्या रकान्यात: भाषा का तुटतात आणि कुठे परत जोडल्या गेल्या

तासगावच्या बाजाराच्या कडेला एक कैकाडी आजी तुराट्यांची डालगी विणत बसतात. विजापूरकडच्या नणंदेचा फोन आला की त्या भराभर कैकाडीत बोलतात, आणि फोन ठेवला की शेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या नातवाला मराठीत सांगतात, "सोन्या, पाणी आण." मी विचारलं, "आजी, ह्याच्याशी तुमच्या भाषेत का बोलत नाही?" त्या म्हणाल्या, "त्याला कळतंय की सगळं. पर शाळंत बाई मराठीत शिकवत्यात, पोरं हसत्यात. कशाला उगं?" नातवाला खरंच कळतं. तो फोनवरच्या गप्पा ऐकून हसतोही, मात्र उत्तर मराठीतच देतो. कैकाडी समजणारा, पण न बोलणारा हा पोर उद्या बाप होईल तेव्हा त्याच्या मुलाला कैकाडी समजणारही नाही. भाषा एवढ्यातच तुटते, दोन पिढ्यांत.

बोलणारे थोडे असले की भाषा धोक्यात, असं सरसकट धरलं जातं, ते बरोबर नाही. जत तालुक्यात कानडी बोलणारे सांगली जिल्ह्यात अल्पसंख्य आहेत, पण तिथली मुलं कानडीत खेळतात, कानडीत भांडतात, आणि जिल्हा परिषदेच्या कानडी शाळाही आहेत. त्यामुळे तिथे कानडीची साखळी शाबूत आहे. कैकाडीच्या मागे शाळा नाही, लिहिलेलं साहित्य नाही, आणि इतिहास तर उलटाच आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात आली. कैकाड्यांसह अनेक जमातींना हजेरी लागली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. तो कायदा 1952 साली गेला, तरी चारचौघांत आपली भाषा बोललो की ओळख उघडी पडते ही भीती घरात राहिली. आजींचं "कशाला उगं" तिथून येतं, असं मला वाटतं. भाषा सोडणं हा आळस नव्हता. मुलाला त्रास होऊ नये म्हणून आईबापांनी घेतलेला तो निर्णय होता.

आता ज्या शब्दाने सगळ्यात जास्त घोळ घातला त्याकडे येतो: मातृभाषा. जनगणनेची व्याख्या अशी, की लहानपणी आई ज्या भाषेत तुमच्याशी बोलली ती तुमची मातृभाषा. आई लवकर गेली असेल तर त्या वेळी घरात मुख्यतः बोलली जाणारी. प्रगणक माणूस सांगेल ते लिहितो. 2011 साली अशी 19,569 नावं आली. त्यांत जातींची नावं होती, गावांची होती, एकाच भाषेची दहा स्पेलिंगं होती, तेव्हा चाळणी करणं भाग होतं. चाळल्यावर 1,369 मातृभाषा उरल्या आणि त्या 121 भाषांखाली बसवल्या गेल्या. या शेवटच्या पायरीवर कैकाडी तमिळखाली जाते आणि वडारी तेलुगूखाली. कुळ म्हणून पाहिलं तर हे चूक नाही, कैकाडी द्रविड कुळातली आणि तमिळला जवळची आहेच. पण तासगावच्या आजींना चेन्नईचा बातमीदार कळत नाही, आणि "तमिळ" या बेरजेत कैकाडीची घट दिसण्याची शक्यताच नाही. कोट्यवधींत काही हजार कमी झाले तर कुणाच्या लक्षात येणार?

त्याच्या आधीचा निर्णय मला जास्त खुपतो. 1961 च्या जनगणनेने 1,652 मातृभाषा छापल्या होत्या. 1971 पासून दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या दाखवणं बंद झालं, त्या "इतर" मध्ये गेल्या. कारभाराच्या सोयीचं कारण समजू शकतं. पण ज्यांना लक्ष सगळ्यात आधी हवं, नेमक्या त्याच भाषा तक्त्यातून गेल्या. शिवाय व्याख्या तंतोतंत पाळली तर आजींची मातृभाषा कैकाडी आणि नातवाची मराठी. एकाच घरात झालेली ही तूट वयानुसार मांडली असती तर धोका चाळीस वर्षं आधी दिसला असता.

धोका असा वेळेवर दिसला आणि उपाय लागू पडला, त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण न्यूझीलंडचं. माओरी हे तिथले मूळ रहिवासी. 1867 पासून त्यांच्या मुलांना शाळेत इंग्रजी होती, तरी घरात माओरी भाषा टिकली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबं शहरांत गेली, वस्त्या विखुरल्या आणि आईबाप मुलांशी इंग्रजीत बोलू लागले. 1970 च्या दशकात घरोघर पाहणी झाली. माओरी अस्खलित बोलणारे बहुतेक वयस्कर निघाले, मुलं अगदी मोजकी.

1982 साली वेलिंग्टनजवळ पहिलं "कोहांगा रेओ" सुरू झालं, म्हणजे भाषेचं घरटं. रचना साधी होती. बाळापासून पाच वर्षांपर्यंतची मुलं दिवसभर आजी-आजोबांच्या वयाच्या माणसांजवळ ठेवायची आणि दारातून आत आलं की फक्त माओरी. भाषा "शिकवायची" नाही. जेवण, झोप, रडणं, समजूत, सगळं तिच्यात. मधली पिढी भाषा विसरली होती, म्हणून तिला ओलांडून आजीचा हात थेट नातवाच्या हातात दिला. 1993 च्या सुमारास अशी आठशेवर घरटी होती आणि चौदा हजारांहून जास्त मुलं.

अडचण लवकरच कळली. घरट्यातून पाचव्या वर्षी बाहेर पडलेली मुलं इंग्रजी शाळेत गेली की भाषा निसटू लागे. म्हणून पालकांनी 1985 पासून पूर्ण माओरी माध्यमाच्या शाळा काढल्या, सरकारी मान्यता नंतर आली. पुढे घरटी शिक्षण खात्याच्या नियमांखाली गेली. पात्रता, इमारत, कागदपत्रं यांचा भार वाढला, चालवणाऱ्या आज्या वारत गेल्या आणि 1993 नंतर संख्या घसरत गेली.

आजी संपल्यावर काय, याचं उत्तर फिनलंडमधल्या इनारी सामी लोकांनी शोधलं. बोलणारे साडेतीनशेच्या आसपास. 1997 साली घरटं काढलं, पण मुलांना सांभाळणारी, पुढे शाळेत शिकवणारी तरुण माणसंच नव्हती. तेव्हा 2009-10 मध्ये 17 मोठ्या माणसांना पूर्ण वर्षभर फक्त भाषेला बसवलं. वर्गात व्याकरण आणि उरलेला वेळ म्हाताऱ्यांच्या घरी, मासे साफ करताना, स्वयंपाक करताना. त्यांतले लोक नंतर शिक्षक झाले, काही आपल्याच मुलांशी सामीत बोलू लागले. मधली पिढी ओलांडण्याऐवजी इथे तीच दुरुस्त केली.

आयर्लंडचा अनुभव याच्या उलट आहे. 1922 पासून आयरिश शाळेत आहे. 2022 च्या जनगणनेत सुमारे 18.7 लाख लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम 72 हजार. विषय म्हणून भाषा शिकवली की ती येते, पण त्यामुळे घरात परत येतेच असं नाही. म्हणून उपक्रम लागू पडतोय का हे पाहायला पटसंख्या पुरत नाही. बाई वर्गाबाहेर गेल्यावर मुलं कोणत्या भाषेत भांडतात ते ऐकावं लागतं.

कैकाडीसाठी घरटं काढायचं तर आज्या अजून आहेत. अडचण वस्तीची आहे: एका गावात चार घरं, दुसऱ्यात सहा. रोज एकत्र आणायला आठ-दहा लहान मुलं एका जागी सापडतील अशी गावं थोडी, आणि कामासाठी कुटुंबं हलतात. शहराच्या कडेला जिथे मोठी वस्ती आहे, तिथल्या अंगणवाडीत एखादी कैकाडी आजी सकाळचे दोन तास बसू शकते. त्या वेळात मुलांशी मराठी बोलायची नाही, एवढं आई आणि सेविका दोघींना पटायला हवं. मी हे तासगावच्या आजींना सांगितलं. त्यांनी डालग्याची कड वळवून घट्ट केली आणि विचारलं, "मग पोरं हसणार नाहीत न्हवं?"