कालविस्तार

कालविस्तार : आपल्या सापेक्ष वेगाने जाणाऱ्या घड्याळाचा काळ आपल्या घड्याळाच्या तुलनेत हळू सरतो, या परिणामाला कालविस्तार म्हणतात. आल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९०५ साली मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतातून तो निघतो. त्याचे मूळ एका गोष्टीत आहे : प्रकाशाचा वेग कोणीही मोजला, तरी तो सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटरच भरतो.

प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक प्रवासी बसला आहे. त्याच्या खोलीची उंची तीन मीटर. जमिनीवरून सुटलेला प्रकाशकिरण सरळ वर जाऊन छताला लागला, की घड्याळाचा एक ठोका पडतो. प्रवाशाला हा किरण तीन मीटर गेलेला दिसतो. पृथ्वीवरून पाहणाऱ्याला मात्र किरण वर जाईपर्यंत यान चार मीटर पुढे सरकलेले असते, म्हणून किरणाची वाट तिरकी, पाच मीटरांची होते. वेग तोच आणि वाट लांब, तेव्हा वेळही जास्त लागणार. प्रवाशाच्या तीन क्षणांत पृथ्वीवर पाच क्षण जातात.

घड्याळात बिघाड झाला, असे यात काही नाही. प्रवाशाची नाडी, भूक, केसांची वाढ, सारे त्याच प्रमाणात चालते. तसे नसते, तर नाडी आणि घड्याळ यांची तुलना करून बंद खोलीतच त्याला यानाचा वेग कळला असता, आणि एकसमान गतीत ते शक्य नाही. त्याला स्वतःला काहीच मंदावल्यासारखे वाटत नाही.

आता तो चार प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याकडे जाऊन लगेच परततो असे धरू. पृथ्वीवर दहा वर्षे उलटतात, त्याचे वय सहाच वर्षांनी वाढते. पण त्याच्या दृष्टीने तर पृथ्वीच धावत होती, मग तिथले लोक तरुण का राहिले नाहीत? ही शंका रास्त आहे. एकसमान वेगाने जाताना दोघांनाही समोरच्याचेच घड्याळ मंद ठरते, हे खरे. फरक पडतो तो ताऱ्यापाशी वळण्याने. दिशा बदलतो तो प्रवासी. पृथ्वी वळत नाही. त्यामुळे दोघांच्या वाटा सारख्या राहत नाहीत.

असे प्रवासी निसर्गात आहेत. अंतराळातील किरणांमुळे वातावरणात सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन हे कण तयार होतात. सेकंदाचे एक कोटी भाग केले, तर त्यांचे सरासरी आयुष्य त्यांतल्या सुमारे बावीस भागांएवढेच असते. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सातशे मीटरही जात नाही. तरी जमिनीवर आडव्या धरलेल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो, कारण आपल्या घड्याळाने त्यांचे आयुष्य कितीतरी पटींनी लांबलेले असते. म्युऑनच्या दृष्टीने पाहिले, तर आयुष्य तेवढेच राहते आणि वातावरणाची जाडी आक्रसते.