लेबलवरचं सोडियम म्हणजे मीठ किती? 400 ने भागा

आमची पॅकेटं घेणाऱ्या बऱ्याच जणांचा फोन एकाच गोष्टीसाठी येतो, की लेबलवर सोडियम 1200 मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे मीठ 1.2 ग्रॅमच ना, मग दिवसाच्या 5 ग्रॅममधलं थोडंसंच झालं. नाही हो, इथेच गडबड होते. सोडियम म्हणजे मीठ नाही, सोडियम हा मिठाचा एक भाग आहे.

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड जोडीने. वजनात बघितलं तर 100 ग्रॅम मिठात सोडियम साधारण 39 ग्रॅम, बाकी सगळं क्लोराइड. म्हणून सोडियमवरून मीठ काढायचं तर अडीचने गुणायचं. खरा आकडा 2.54 आहे, पण लेबलसाठी अडीच पुरतो. आणि लेबलवर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, मीठ आपण ग्रॅममध्ये मोजतो, त्यामुळे दोन्ही एकदमच उरकायचं असेल तर सोडियमच्या मिलिग्रॅमला सरळ 400 ने भागा, येईल तो आकडा मिठाचे ग्रॅम. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ, एवढं लक्षात राहिलं तरी खूप झालं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी सांगते की दिवसाला सोडियम 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी असावं, म्हणजे 2000 भागिले 400, मीठ 5 ग्रॅमच्या आत. साधारण एक सपाट चमचा, तोही चहाचा छोटा. आणि यात दिवसभरातलं सगळं आलं बरं का, वरून घेतलेलं, शिजवताना टाकलेलं आणि पॅकेटमधून आलेलं.

आता एक पॅकेट हातात घेऊन बघू. समजा झटपट नूडल्सचं 70 ग्रॅमचं पॅकेट आहे. लेबलवर 'प्रति 100 ग्रॅम' खाली सोडियम 1200 मिलिग्रॅम आहे, आणि शेजारी 'प्रति सर्व्हिंग 35 ग्रॅम' खाली 420. बहुतेकांची नजर त्या 420 वर जाते, कारण तो लहान आकडा आहे, पण 35 ग्रॅम म्हणजे अर्धं पॅकेट, आणि अर्धं पॅकेट कोण खातं? भूक लागलेला माणूस अख्खंच खातो. मग हिशेब अख्ख्याचा करायचा: 1200 गुणिले 70 भागिले 100, म्हणजे 840 मिलिग्रॅम. 840 भागिले 400, झालं 2.1 ग्रॅम मीठ. दिवसाच्या 5 ग्रॅमपैकी 42 टक्के एका वाटीत संपले. आणि 420 धरून बसला असतात तर 1 ग्रॅमच्या जरा वर आलं असतं, म्हणजे निम्मंच.

म्हणजे खरी चूक भागाकारात नसते, कितीचा भागाकार करायचा त्यात असते. आधी पॅकेटचं निव्वळ वजन बघा, मग सर्व्हिंग किती ग्रॅमचं धरलंय ते बघा, आणि मग स्वतः किती खाल्लं ते मनाशी खरं खरं सांगा.

चवीवर भरवसा ठेवू नका हे पण सांगतो. ब्रेड खारट लागत नाही, तरी 100 ग्रॅमला 450 मिलिग्रॅम सोडियम असेल आणि 30 ग्रॅमचे चार स्लाइस खाल्ले, तर 540 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण 1.35 ग्रॅम मीठ पोटात जातं. शिवाय खायच्या सोड्यातलं, अजिनोमोटोसारख्या चव वाढवणाऱ्या पदार्थातलं सोडियमही त्याच आकड्यात धरलेलं असतं. ते वेगळं काढायच्या भानगडीत पडू नका, मर्यादा सगळ्या सोडियमचीच आहे.

काही लेबलांवर सोडियम नसतंच, थेट 'मीठ' लिहिलेलं असतं, आणि तेही ग्रॅममध्ये. तो आकडा तसाच वापरायचा, त्याला परत अडीचने गुणलंत तर उगाच घाबराल. उलट 'सोडियम 0.84 ग्रॅम' असं असेल तर ते 840 मिलिग्रॅमच आहे, त्याला अडीचने गुणायचंच, म्हणून आकड्याआधी शब्द आणि एकक वाचा.

ब्लडप्रेशर, किडनी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांची मर्यादा डॉक्टर ठरवतील, लहान मुलांची पण 5 ग्रॅमपेक्षा कमीच असते. मात्र डॉक्टर 'दोन ग्रॅम' म्हणाले तर तिथेच विचारून घ्या, दोन ग्रॅम सोडियम की दोन ग्रॅम मीठ. सोडियम असेल तर 5 ग्रॅम मीठ चालतं, मीठ असेल तर वरचं ते नूडल्सचं एकच पॅकेट दिवसाची मर्यादा ओलांडतं.