भागून खाली आणणे आणि पूर्ण नगांतच शोधणे: ठरलेल्या पैशांत किती वह्या?

ठरलेल्या रकमेत जास्तीत जास्त किती वस्तू येतील, हे काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत रकमेला भावाने भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. दुसरीत सुरुवातीपासून फक्त पूर्ण नगांचाच विचार करायचा. एकच वस्तू आणि एकच भाव असेल तर दोन्हींचे उत्तर एकच येते, आणि म्हणूनच बहुतेकांना या दोन गोष्टी एकच वाटतात. गठ्ठे, डझन, खोकी आली की उत्तरे वेगळी निघतात. कधी भागाकार कमी सांगतो, तर कधी चक्क परवडणार नाही एवढे सांगतो.

पुण्यातल्या एखाद्या मंडळाला बक्षिसांसाठी वह्या घ्यायच्या आहेत आणि हातात 1000 रुपये आहेत असे धरू. खरेदी अर्थातच अप्पा बळवंत चौकात. पुढचे सगळे भाव उदाहरणापुरते आहेत, चौकात जाऊन त्यावरून घासाघीस करू नये.

आधी सोपा प्रकार. सुटी वही 39 रुपयांना आहे. 1000 भागिले 39 म्हणजे 25.64. इथे पहिली चूक होते ती जवळच्या पूर्णांकाची. शाळेत अर्ध्याच्या वर गेले की पुढचा आकडा घ्यायची सवय लागलेली असते, त्यामुळे हात आपोआप 26 लिहितो. 26 वह्यांचे होतात 1014 रुपये, म्हणजे गल्ल्यावर 14 रुपये कमी पडतात. रक्कम ही वरची मर्यादा आहे. अपूर्णांक 0.64 असो की 0.99, तो टाकूनच द्यायचा. उत्तर 25, खर्च 975, बाकी 25. स्प्रेडशीटमध्ये `ROUND` न वापरता `=INT(1000/39)` लिहायचे. रिक्षाभाड्यासारखा एकदाच होणारा खर्च असेल तर तो भागण्याआधी वजा करायचा. नंतर वजा केला तर वह्यांतून रुपये वजा केल्यासारखे होते.

ताळा करायला दोनच गुणाकार पुरतात: 25 वह्या बसतात का, आणि 26 बसत नाहीत ना. दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले की काम संपले, कारण वही वाढली की खर्च वाढतोच, मध्ये कुठे कमी होत नाही. हा ताळा लक्षात ठेवा. पुढच्या प्रकारात तोच फसवतो.

आता घाऊक दुकान. तिथे सुटी वही मिळत नाही, फक्त बांधलेले गठ्ठे मिळतात: डझनाचा गठ्ठा 420 रुपये आणि पाच वह्यांचा गठ्ठा 180 रुपये. डझनात वही 35 ला पडते, पाचात 36 ला. साहजिकच डझन स्वस्त, म्हणून सगळे पैसे डझनावर लावू. 1000 भागिले 420 म्हणजे 2.38. खाली आणले की 2 डझन, खर्च 840, हातात 160. पाचाच्या गठ्ठ्यालाही 180 लागतात, म्हणजे तोही येत नाही. एकूण 24 वह्या. वरचा ताळा लावला तर तो पास होतो: आहे ते बसते आणि आणखी एकही गठ्ठा बसत नाही.

तरीही 24 हे उत्तर चूक आहे. एक डझन घ्या, उरलेल्या 580 रुपयांत पाचाचे तीन गठ्ठे घ्या. खर्च 420 अधिक 540, म्हणजे 960. वह्या 12 अधिक 15, म्हणजे 27. महाग पडणारा गठ्ठा जास्त घेऊन वह्या तीनने वाढल्या, कारण दोन डझनांनी उरवलेले 160 रुपये कशाच्याच उपयोगाचे नव्हते. वहीमागे एक रुपया वाचवायचा म्हणून 24 वह्यांवर 24 रुपये वाचवले आणि 160 पडून राहू दिले.

दुसरी रीत म्हणजे हेच पद्धतशीर करणे. डझनांची संख्या फक्त 0, 1 किंवा 2 असू शकते. प्रत्येक संख्येसाठी उरलेल्या रकमेत पाचाचे किती गठ्ठे येतात ते काढायचे. भागून खाली आणणे इथेही आहेच, पण ते सर्वांत शेवटी, एकच वस्तू उरल्यावर करायचे. शून्य डझन घेतले तर पाच गठ्ठे, 25 वह्या. एक डझन घेतले तर तीन गठ्ठे, 27 वह्या. दोन डझन घेतले तर शून्य गठ्ठे, 24 वह्या. स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात A2 पासून खाली 0, 1, 2 लिहा आणि शेजारी ही दोन सूत्रे टाका:

```
B2:  =INT((1000-420*A2)/180)
C2:  =12*A2+5*B2
```

सूत्रे खाली ओढली की C स्तंभातला सर्वांत मोठा आकडा हेच उत्तर.

मग 2.38 हा आकडा टाकाऊ का? मुळीच नाही. त्याचे काम वेगळे आहे. गठ्ठे फोडता आले असते तर सर्वांत स्वस्त भावाने, 35 रुपयांनी, 1000 रुपयांत 28.57 वह्या आल्या असत्या. म्हणून कितीही हुशारीने गठ्ठे जुळवले तरी 28 च्या वर जाता येत नाही. अपूर्णांकातले उत्तर हे असे छत आहे. गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी 1957 मध्ये याच जातीच्या प्रश्नासाठी हे छत वापरले, आणि 1960 मध्ये आइल्सा लँड व ॲलिसन डॉइग यांनी अशा छतांच्या आधारे नालायक पर्यायांच्या फांद्याच्या फांद्या न तपासता छाटून टाकायची रीत मांडली. पूर्ण संख्यांतले मोठे प्रश्न सोडवणारी सॉफ्टवेअर आजही त्याच पायावर चालतात. मंडळाच्या खजिनदाराला छताचा उपयोग एवढाच: हातातले उत्तर छताला टेकले की पुढे शोधायचे कारण नाही. दुकानदार 39 रुपयांनी सुट्या वह्याही द्यायला तयार असेल तर दोन डझन आणि वर चार सुट्या, 996 रुपयांत 28 वह्या. छत गाठले, थांबा. सुटी वही सर्वांत महाग असली तरी फट बुजवायला तीच कामाची.

रक्कम मोठी झाली की हाच फरक कसा दिसतो तेही बघू. 20,000 रुपयांत नुसते डझन घेतले तर 47 येतात, म्हणजे 564 वह्या. उरलेल्या 260 रुपयांत पाचाचा एक गठ्ठा टाकला की 569. छत 571 आहे. म्हणजे 1000 रुपयांत 27 ऐवजी 24, अशी नववा हिस्सा तूट आली होती, ती इथे नगण्य होते. कारण उघड आहे: भागून खाली आणण्यात वाया जाणारी रक्कम एका गठ्ठ्याच्या किमतीहून कमीच असते, मग एकूण रक्कम कितीही असो. म्हणून वर्गावर्गाला वाटलेल्या छोट्या रकमांत ही चूक बोचते, शाळेच्या एकत्र खरेदीत नाही.

तरी 569 हे अखेरचे उत्तर आहे का? 0 ते 47 डझन तपासायची गरज नाही. पाचाचे सात गठ्ठे 1260 रुपयांचे आणि तीन डझनही 1260 रुपयांचेच, पण सात गठ्ठ्यांत 35 वह्या आणि तीन डझनांत 36. तेवढ्याच पैशांत एक वही जास्त मिळत असताना पाचाचे सात गठ्ठे घेण्यात अर्थ नाही. म्हणून रक्कम कितीही मोठी असो, पाचाच्या गठ्ठ्यांची संख्या 0 ते 6 एवढीच तपासायची. सात ओळींचे काम. त्यात सहा गठ्ठे आणि 45 डझन ही जोडी निघते: खर्च 1080 अधिक 18,900, म्हणजे 19,980, आणि वह्या 570. 571 कुठल्याच ओळीत येत नाही, म्हणजे छत दर वेळी गाठता येतेच असे नाही. या 1260 च्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. दोन्हीकडे बाकी सारखीच, तरी वह्या वेगळ्या. तेव्हा ‘कमीत कमी पैसे उरवा’ आणि ‘जास्तीत जास्त वह्या आणा’ हे प्रश्न एक धरू नयेत.

इथवर भागाकार कमी सांगत होता. आता तो जास्त सांगतो ते पाहू. प्रत्येक मुलाला 39 रुपयांची एक सुटी वही आणि एक पेन द्यायचे आहे. पेने दहाच्या खोक्यात, खोके 60 रुपयांना. पेन 6 रुपयांना पडले, मुलामागे 45 रुपये. 1000 भागिले 45 म्हणजे 22.2, खाली आणून 22 मुले. यादीत नावे लिहून होतात आणि बिलाच्या वेळी पैसे कमी पडतात: 22 वह्यांचे 858 आणि पेनांची तीन खोकी 180, एकूण 1038. खाली आणूनसुद्धा रक्कम ओलांडली.

चूक 6 रुपयांत आहे. पेन 6 रुपयांना पडते ते खोके पूर्ण वापरले तरच. 22 मुलांना 2.2 खोकी लागतात आणि ती वर नेऊन तीन धरावी लागतात. पैशांत किती बसतात हे काढताना खाली यायचे, मुलांना किती लागतात हे काढताना वर जायचे, आणि या प्रश्नात दोन्ही एकाच वेळी आहेत. म्हणून मुलांच्या संख्येवरून प्रत्यक्ष खर्च मांडायचा. 20 मुलांचा खर्च 780 अधिक 120, म्हणजे 900. 21 मुलांचा 819 अधिक 180, म्हणजे 999. 22 चा 1038. उत्तर 21. इथे पहिला ताळा पुन्हा विश्वासाचा ठरतो, कारण मूल वाढले की खर्च वाढतोच, फक्त मध्ये पायरी येते. ही पायरी महाग आहे: एकविसाव्या मुलासाठी 99 रुपये गेले आणि नऊ पेने पडून राहिली.

दुकानदार सुटे पेन 8 रुपयांना देत असेल तर हिशोब पुन्हा पालटतो. 22 वह्यांचे 858, दोन खोक्यांचे 120 आणि दोन सुट्या पेनांचे 16, एकूण 994. बाविसावे मूलही बसते. तेविसाव्याला मात्र 1041 लागतात.